सही कोणाची, फसवणूक कोणाची? – जमिनीचे बनावट दस्त आणि फौजदारी मार्ग

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड या गावांतील व्यापारी घराण्यांकडे दुकान आणि वखारीबरोबर थोडीफार शेतजमीन असतेच. ती बहुधा आजोबा-पणजोबांच्या काळात घेतलेली असते. पुढच्या पिढ्या पुणे, छत्रपती संभाजीनगर, मुंबई अशा शहरांत पांगतात. जमीन बटईने किंवा ठोक्याने दिली जाते आणि सातबारावर मात्र कित्येक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या कर्त्या पुरुषाचेच नाव राहते. वारस नोंद ‘पुढच्या वेळी गावाकडे गेल्यावर’ करायची असते आणि ती वेळ येत नाही. बनावट दस्त करणाऱ्यांना अशीच जमीन हवी असते, कारण तिचा मालक कागदावर जिवंत असतो, परंतु प्रत्यक्ष हरकत घ्यायला जागेवर कोणी नसतो.

मराठवाड्यात या अडचणीला इतिहासाचीही जोड आहे. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळातील महसुली कागद बऱ्याच अंशी उर्दूत आणि काही मोडीत आहेत. ते वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. जो कागद कोणाला वाचता येत नाही, त्यावर काय लिहिले आहे हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. ‘निजामाच्या काळातील बक्षीसपत्र’ किंवा ‘जुनी इनामाची सनद’ अचानक उजेडात आणणाऱ्या मंडळींचे यामुळे फावते.

कागदाच्या बनावटगिरीची महाराष्ट्राला परिचित असलेली मोठी घटना म्हणजे अब्दुल करीम तेलगीचा मुद्रांक घोटाळा. तेलगीला २००१ मध्ये अटक झाली आणि २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. त्या प्रकरणात मुद्रांकच खोटा होता, त्यावर लिहिलेला व्यवहार मात्र पुष्कळदा खरा असे. आज शुल्क ऑनलाइन चलनाने भरले जाते आणि दस्त संगणकावर नोंदला जातो. आजच्या फसवणुकीत चलन खरे असते, शिक्का खरा असतो, दुय्यम निबंधकाची सहीही खरी असते. त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस तेवढा खोटा असतो. म्हणून पीडित कुटुंबाने पहिला प्रश्न कागदाविषयी न विचारता माणसाविषयी विचारावा लागतो: सही कोणी केली, आणि फसले कोण? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर फौजदारी तक्रार टिकते किंवा कोसळते.

एकच जमीन, गमावण्याच्या दोन तऱ्हा

उदाहरण घेऊन पाहू. समजा, जिंतूर तालुक्यात एका कुटुंबाची आठ एकर जमीन आहे. सातबारा आजोबांच्या नावे आहे. आजोबा २००९ मध्ये वारले. त्यांच्या तीन मुलांच्या तीन शाखा आहेत. दोन पुण्यात, एक गावाकडे. जानेवारी २०२५ मध्ये या जमिनीचे विक्रीखत नोंदले गेल्याचे पुण्यातील नातवाला कळते.

पहिल्या तऱ्हेत दस्त उघडून पाहिल्यावर असे दिसते, की ऑगस्ट २०२४ मध्ये ‘आजोबांनी’ एका तिऱ्हाइताला नोंदणीकृत मुखत्यारपत्र दिले आणि त्या मुखत्याराने जमीन विकली. मुखत्यारपत्रावर आजोबांच्या नावाखाली कोण्या वृद्धाचे छायाचित्र आणि अंगठा आहे. पंधरा वर्षांपूर्वी वारलेला माणूस निबंधकासमोर हजर झाला, असे हा कागद सांगतो. येथे तोतया उभा करून दुसऱ्याच्या नावाने सही झाली आहे. कायद्याच्या भाषेत हा ‘खोटा दस्तऐवज तयार करणे’ याचा अगदी सरळ नमुना होय.

दुसऱ्या तऱ्हेत तोतया कोणी नाही. गावाकडच्या शाखेतील चुलतभावाने स्वतःच्या नावाने, स्वतःचे छायाचित्र आणि स्वतःची सही देऊन, ‘सर्व आठ एकर माझ्या एकट्याच्या मालकीचे आहेत’ असे लिहून विक्रीखत केले आहे. पुण्याच्या दोन्ही शाखांना हेही तितकेच बनावट वाटते. कायदा मात्र येथे वेगळी वाट धरतो.

ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या निवाड्यात स्पष्ट केली. बिहारमधील एका जमीनमालकाची तक्रार होती, की जमिनीशी संबंध नसलेल्या माणसाने ती आपली म्हणून दुसऱ्याला विकली. त्याने विकणारा, घेणारा, साक्षीदार, दस्तलेखक आणि मुद्रांक विक्रेता अशा पाचही जणांवर फसवणूक व बनावटगिरीचा आरोप केला. न्यायालयाने सांगितले, की विकणाऱ्याने स्वतःच्याच नावाने सही केली होती. तो दुसरा कोणी असल्याचे भासवत नव्हता, किंवा मालकाने आपल्याला अधिकार दिला असेही म्हणत नव्हता. मालकीचा खोटा दावा करणे आणि खोटा दस्तऐवज करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून बनावटगिरीचा आरोप टिकला नाही. फसवणुकीविषयी न्यायालय म्हणाले, की त्या विक्रीखताने मूळ मालकाला कोणी काही खोटे सांगून त्याच्याकडून काही काढून घेतलेले नाही. फसला असेल तर पैसे मोजणारा खरेदीदार फसला आहे आणि तशी तक्रार त्याने करावी. मारहाण, अडवणूक यांसारखे किरकोळ आरोप तेवढे पुढे चालले.

आपल्या उदाहरणाला हा निवाडा लावला, की चित्र स्वच्छ होते. पहिल्या तऱ्हेत वारस स्वतः फिर्यादी होऊ शकतात. दुसऱ्या तऱ्हेत चुलतभावाची विक्री त्याच्या हिश्श्यापुरतीच कायद्याने खरेदीदाराला बांधते. उरलेल्या दोन हिश्श्यांसाठी वारसांनी दिवाणी न्यायालयात वाटप आणि जाहीरनाम्याचा दावा लावायचा असतो. फौजदारी फिर्याद देणे हे पूर्ण आठ एकरांचे पैसे मोजलेल्या खरेदीदाराचे काम ठरते. पुण्याच्या शाखांनी घाईने ‘बनावट दस्त’ म्हणून फिर्याद दिली, तर ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रद्द होण्याची शक्यता मोठी असते आणि तोवर एक-दोन वर्षे हातची जातात.

तरीही दुसऱ्या तऱ्हेत एक गोष्ट अवश्य तपासावी. चुलतभावाने सर्व जमीन आपली कशी म्हटली? त्याच्या पाठीशी एखादे वाटणीपत्र, हक्कसोडपत्र किंवा संमतिपत्र जोडलेले असेल आणि त्यावर पुण्याच्या भावंडांच्या सह्या असतील, तर त्या सह्या कोणी केल्या हा प्रश्न उभा राहतो. विक्रीखत बनावट नसले तरी त्याच्या पायाखालचा कागद बनावट असू शकतो, आणि मग फिर्याद त्या कागदाची होते.

पहिला आठवडा: नक्कल आणि हरकत

फसवणुकीचा सुगावा लागला, की बहुतेक कुटुंबे थेट पोलीस ठाण्यात जातात. हातात केवळ ऐकीव माहिती आणि सातबाराचा उतारा असतो, त्यामुळे ‘कागद घेऊन या’ असे सांगून परत पाठवले जाते. म्हणून आधी दुय्यम निबंधक कार्यालय गाठावे. दस्ताचा क्रमांक माहीत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक देऊन शोध घेता येतो. सूची क्रमांक २ वर दस्ताचा प्रकार, पक्षकारांची नावे, मोबदला आणि नोंदणीची तारीख मिळते. त्यानंतर विक्रीखत आणि मुखत्यारपत्र या दोहोंच्या पूर्ण प्रमाणित नकला मागवाव्यात.

नक्कल हाती आली, की चार ठिकाणी नजर टाकावी. लिहून देणाऱ्याचे छायाचित्र व अंगठ्याचा ठसा. ओळखीचा पुरावा म्हणून जोडलेली कागदपत्रे. लिहून देणाऱ्याला ‘आम्ही ओळखतो’ असे सांगून सही करणारे दोन इसम. आणि मुखत्याराने दिलेले घोषणापत्र. या घोषणापत्रात मुखत्यारपत्र देणारा हयात आहे व ते रद्द झालेले नाही, असे मुखत्याराला लिहून द्यावे लागते. आपल्या उदाहरणात ते धडधडीत खोटे आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ प्रमाणे निबंधकासमोर खोटे निवेदन करणे किंवा तोतया म्हणून हजर होणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ओळख देणारे दोन इसम हे तर तपासाचे पहिले दार होय. ते स्थानिक असतात आणि त्यांचे पत्ते खरे असतात. तोतयाला आणले कोणी, हे त्यांनाच ठाऊक असते.

त्याच आठवड्यात फेरफाराला हरकत घ्यावी. दस्त नोंदला गेल्यावर त्याची माहिती संगणकाद्वारे महसूल खात्याकडे जाते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतात आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारावर खरेदीदाराचे नाव चढते. नोटीस मृत आजोबांच्या नावे गावातील जुन्या पत्त्यावर जाते, ती कोणाला मिळणार? बाहेरगावी राहणाऱ्यांनी म्हणूनच महाभूमीच्या ‘आपली चावडी’ या सुविधेवर आपल्या गावाच्या नोटिसा अधूनमधून पाहाव्यात.

हरकत लेखी द्यावी, तिच्यासोबत मृत्यू दाखला व दस्ताची नक्कल जोडावी आणि पोच घ्यावी. हरकत आली की नोंद तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय प्रमाणित करता येत नाही. दस्त करून देणारा दस्ताच्या आधी पंधरा वर्षे मृत होता, हे एका दाखल्याने दिसत असेल तर नोंद थांबण्याची शक्यता चांगली असते. फेरफार आधीच मंजूर झाला असेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे. महसुली अधिकाऱ्याकडून मात्र अवाजवी अपेक्षा ठेवू नये. सही खरी की खोटी याचा निवाडा तो करत नाही आणि सातबारावरील नाव हा मालकीचा अंतिम पुरावाही नव्हे. हरकतीचा उपयोग एवढाच, की खरेदीदाराला तोच सातबारा दाखवून जमीन पुढे विकणे किंवा बँकेत गहाण ठेवणे कठीण होते. त्याच कारणासाठी परभणीतील एखाद्या दैनिकात जाहीर नोटीसही द्यावी.

दुय्यम निबंधकाकडे ‘हा दस्त रद्द करा’ असा अर्ज पुष्कळ जण करतात. एकदा नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार त्यांना नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सत्यपाल आनंद प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. सह जिल्हा निबंधकांकडे अर्ज करून कलम ८२ खाली कारवाईची आणि मूळ ठसे, छायाचित्रे व कार्यालयातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी मात्र जरूर करावी. चित्रण काही काळानंतर पुसले जाते, त्यामुळे हा अर्ज उशिरा करून उपयोग नाही.

फिर्याद कशी लिहावी

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. गुन्ह्याची तारीख त्यापूर्वीची असेल तर जुनी कलमे लागतात, नंतरची असेल तर नवी. जुन्या कलम ४२० ची फसवणूक आता कलम ३१८(४) मध्ये आहे. फसवणुकीसाठी केलेली बनावटगिरी, म्हणजे जुने ४६८, आता ३३६(३) आहे. मौल्यवान दस्तऐवज किंवा मृत्युपत्र बनावट करणे, म्हणजे जुने ४६७, आता ३३८ असून त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बनावट कागद खरा म्हणून वापरणे, म्हणजे जुने ४७१, आता ३४०(२) आहे. तोतयेगिरीने फसवणुकीसाठी ३१९(२) आहे. फिर्यादीत कलमांची जंत्री देण्याची गरज नसते. ती पोलीस लावतात. वस्तुस्थिती मात्र अशी लिहावी, की प्रत्येक कलमाचा आधार वाक्यात दिसावा.

आपल्या उदाहरणातील फिर्याद साधारण अशी बसते. आजोबा अमुक तारखेस वारले, मृत्यू दाखला जोडला आहे. अमुक क्रमांकाच्या मुखत्यारपत्रावर त्यांच्या नावाने सही व अंगठा केलेली व्यक्ती ते नव्हेत. अमुक दोन इसमांनी त्या तोतयाची खोटी ओळख दिली. अमुक व्यक्तीने तो कागद खोटा असल्याचे माहीत असून तो वापरला, आजोबा हयात असल्याचे खोटे घोषणापत्र दिले आणि विक्रीखत केले. खरेदीचा मोबदला अमुक खात्यात गेल्याचे दस्तात लिहिले आहे. ही बाब वारसांना अमुक दिवशी, अमुक रीतीने कळली. या शेवटच्या वाक्याला फार महत्त्व आहे. एवढ्या गंभीर गुन्ह्यांना फौजदारी मुदतीची आडकाठी नसली, तरी उशिराचे कारण लिहिलेले नसेल तर बचाव पक्ष प्रथम तेथेच बोट ठेवतो.

कोणी काय केले, हे माणसागणिक वेगळे लिहिणे का अगत्याचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील शीला सेबॅस्टियन प्रकरणावरून उमगते. तमिळनाडूतील त्या खटल्यात एका महिलेच्या नावाने तोतया उभी करून मुखत्यारपत्र तयार झाले होते आणि त्याच्या आधारे तिच्या मालमत्तेचा व्यवहार झाला. तपासात ती तोतया व्यक्ती सापडली नाही. खोटा कागद प्रत्यक्ष आरोपींनी तयार केला हे सिद्ध झाले नाही, म्हणून बनावटगिरीच्या आरोपातून त्यांची सुटका कायम राहिली. लाभ कोणाला झाला, एवढ्याने बनावटगिरी सिद्ध होत नाही. कागद ‘केला’ कोणी, हे दाखवावे लागते. म्हणून तोतयाचे छायाचित्र, अंगठा आणि त्याला आणणारे इसम यांच्या तपासाची मागणी फिर्यादीतच लेखी करावी.

‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. दुसऱ्या तऱ्हेत ते पुष्कळदा बरोबरही असते. पहिल्या तऱ्हेत ते बरोबर नाही. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. व्यापारी स्वरूपाच्या व्यवहारांत थोडक्या मुदतीची प्राथमिक चौकशी तेवढी करता येते. पुण्यात राहणाऱ्या वारसाला तेथील ठाण्यातही शून्य क्रमांकाने फिर्याद देता येते; ती पुढे जिंतूरकडे वर्ग होते. नोंद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे परभणीच्या पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवावा. तेथेही दाद न मिळाल्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली तपासाच्या आदेशासाठी अर्ज करावा. या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते आणि आधीच्या दोन्ही पायऱ्या ओलांडल्याचा पुरावा लागतो. म्हणून ठाण्याची पोच आणि अधीक्षकांना पाठवलेल्या टपालाची पावती जपून ठेवावी. त्या नसतील तर अर्ज तेवढ्यावरच परत येतो.

तपासात पुरावा कोठे असतो

छायाप्रतीवरून हस्ताक्षर तज्ज्ञ भरवशाचे मत देऊ शकत नाही. मूळ दस्त खरेदीदाराकडे असतो. तपासी अधिकाऱ्याने तो जप्त करावा यासाठी पाठपुरावा करावा लागतो. तुलनेसाठी खऱ्या माणसाच्या निर्विवाद सह्या लागतात आणि त्या शक्यतो वादातील सहीच्या आसपासच्या काळातील असाव्यात. बँकेतील खाते उघडण्याचा अर्ज, धनादेश, जुने नोंदलेले दस्त, पारपत्राचा अर्ज हे त्याचे चांगले साधन होय. लग्नपत्रिकेवरची किंवा घरगुती वहीतील सही तितकी उपयोगी पडत नाही.

सहीविषयीचे तज्ज्ञाचे मत हे अखेर मतच असते आणि न्यायालय त्याला आणखी आधार शोधते. अंगठ्याचा ठसा अधिक भक्कम, कारण तो दुसऱ्याशी जुळत नाही. नोंदणी कार्यालयातील ठसा स्पष्ट असेल तर संशयितांच्या ठशांशी तो ताडून पाहता येतो आणि तोतया सापडू शकतो. मृत्यू दाखला असलेल्या प्रकरणात तर सही खोटी होती हे सिद्ध करायला तज्ज्ञही लागत नाही.

जुन्या तारखेच्या इसारपावत्या आणि करारनामे यांचा पुरावा आणखी वेगळ्या ठिकाणी असतो. ‘२०११ मध्ये तुमच्या वडिलांनी इसार घेतला होता’ असे सांगत कोणी मुद्रांकावरील करार पुढे केला, तर त्या मुद्रांकाचा अनुक्रमांक पाहावा. तो कोषागारातून विक्रेत्याला केव्हा दिला गेला आणि विक्रेत्याच्या नोंदवहीत कोणाच्या नावे विकला गेला, याची माहिती मागवता येते. करारावरची तारीख मुद्रांक बाहेर पडण्याच्या आधीची निघाली, तर बनावटपणा त्या कागदानेच कबूल केला म्हणायचे. नोटरीच्या नोंदवहीचाही असाच उपयोग होतो.

दिवाणी दावा थांबवू नये

फौजदारी खटला आरोपीला शिक्षा देतो. जमीन परत नावावर करून देत नाही. आरोपींना शिक्षा झाली तरी नोंदलेला दस्त निबंधक कार्यालयाच्या सूचीत तसाच राहतो. तो बनावट आणि वारसांवर बंधनकारक नसल्याचा जाहीरनामा आणि कब्ज्यास अडथळा न करण्याचा मनाई हुकूम दिवाणी न्यायालयातूनच मिळवावा लागतो. दस्त रद्द करून मागण्याची मुदत, त्याची माहिती मिळाल्यापासून ३ वर्षे आहे. ‘फौजदारीचा निकाल लागू द्या, मग पाहू’ असे म्हणत थांबलेल्या कुटुंबांची ही मुदत सहज उलटून जाते, कारण फौजदारी खटला त्याहून लांबतो. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवता येतात. दावा दाखल होताच प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, म्हणजे पुढचा खरेदीदार ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणू शकत नाही.

विरुद्ध बाजूने तो बनावट कागद न्यायालयात पुरावा म्हणून हजर केला, तर ‘आता पोलीस तक्रार चालत नाही’ असे सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये इक्बालसिंग मारवाह प्रकरणात या समजुतीला उत्तर दिले आहे. कागद न्यायालयाच्या ताब्यात आल्यानंतर त्यात फेरफार झाला असेल तरच न्यायालयाची स्वतःची तक्रार आवश्यक असते. आधीच बनावट असलेला कागद नंतर हजर केला, तर पीडिताची फिर्याद अडत नाही.

खरेदीदार फसला असेल तर

आठ एकरांचे पैसे मोजलेला खरेदीदारही पुष्कळदा आपल्यासारखाच व्यापारी असतो. तोतयाकडून घेतलेल्या दस्ताने त्याला मालकी मिळत नाही, दस्त कितीही नीट नोंदलेला असला तरी. वारसांशी भांडण्यात वर्षे घालवण्यापेक्षा विकणारा, मुखत्यार आणि मध्यस्थ यांच्याविरुद्ध स्वतः फसवणुकीची फिर्याद देणे त्याच्या हिताचे असते. प्रामाणिक खरेदीदार वारसांचा उत्तम साक्षीदार ठरतो. म्हणून त्याला सरसकट आरोपींच्या यादीत घालण्यापूर्वी वारसांनी विचार करावा. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, जमीन न पाहता, कसणाऱ्याला न विचारता खरेदी करणाऱ्याची गोष्ट अर्थातच निराळी.

खरेदीदाराच्या फिर्यादीची सर्वांत दुबळी जागा म्हणजे रोख रक्कम. दस्तात वीस लाख, प्रत्यक्षात पन्नास लाख, असा व्यवहार झाला असेल तर वरचे तीस लाख सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची २०१५ पासून मनाई आहे. त्यामुळे अनेक जण फिर्यादीत रोख भाग दडवतात आणि पुढे जबानीत तो बोलून जातात. मग दोन कथनांतील विसंगती आरोपीच्या कामी येते. बँकेतून गेलेली रक्कम मात्र माग ठेवते. ज्या खात्यात ती गेली ते गोठवण्याची मागणी फिर्यादीच्या दिवशीच करावी. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता न्यायालयाच्या आदेशाने जप्त करण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम १०७ मध्ये आहे. पैसा चार खात्यांतून फिरल्यानंतर तो शोधणे कठीण होते.

समेट करताना

घरातलाच माणूस गुंतलेला असला, की नातेवाईक आणि समाजातील वडीलधारे मध्यस्थीला येतात. तीन शाखांपैकी एकाने ओळख देणाऱ्याची भूमिका केली असेल, तर वडिलांच्या वयाच्या काकांना आरोपी करायचे का, हा प्रश्न कोणत्याही कलमापेक्षा जड असतो. समेट करावा की नाही, हे कुटुंबाने ठरवायचे. परंतु त्याची मर्यादा आधी माहीत असावी. फसवणुकीचा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटवता येतो. मौल्यवान दस्ताची बनावटगिरी तशी मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात खटला रद्द करून घ्यावा लागतो आणि तो रद्द होईलच याची हमी नसते.

शिवाय साध्या कागदावर माफीनामा लिहून आणि काही रक्कम घेऊन उठलेल्या कुटुंबाची जमीन सूची क्रमांक २ वर विकलेलीच राहते. दहा वर्षांनी खरेदीदाराचा मुलगा तो दस्त घेऊन दारात उभा राहू शकतो. म्हणून समेटात रक्कम ही शेवटची बाब असावी. आधी दिवाणी दाव्यात संमतीचा हुकूमनामा, किंवा खरेदीदार व वारस यांच्यात नोंदणीकृत रद्दलेख. त्यानंतर सातबाराची दुरुस्ती. आणि सातबारावर सर्व वारसांची नावे चढल्याचे पाहिल्यावर फौजदारी प्रकरणात ना हरकत. हा क्रम उलटला, तर हातात माफीनामा राहतो आणि जमीन दुसऱ्याच्या नावे राहते.